लाल टाक्याचा हत्ती

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेच्या कपाटात पाच जुनी कापडी खेळणी ठेवलेली आहेत. एक अस्वल, एक गाढव, एक वाघ, एक कांगारू आणि एक इवलंसं डुक्कर. सगळ्यांची लव झिजलेली, शिवणी उसवून पुन्हा घातलेल्या. १९८७पासून ती या ग्रंथालयाकडे आहेत. ती ज्याची होती त्या मुलाचं नाव ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न. त्याच्या वडिलांनी, ए. ए. मिल्न यांनी, या खेळण्यांवरून ‘विनी द पू’च्या गोष्टी लिहिल्या. पहिलं पुस्तक १९२६ सालचं.

आता समजा, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. कुणीतरी या पाच खेळण्यांचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: ‘यावरून झोपतानाची गोष्ट करून द्या.’ मुलाचं नाव नाही, वय नाही, कोणतं खेळणं लाडकं तेही नाही. तर त्या फोटोतून आपल्या हाती काय लागेल?

अस्वलाचं नाव लागणार नाही. १९२१ साली पहिल्या वाढदिवसाला मिळालेलं हे अस्वल आधी एडवर्ड होतं, ‘विनी’ हे नाव लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या खऱ्या अस्वलावरून नंतर आलं. असल्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. गोष्टींमधले घुबड आणि ससा तर सापडणारच नाहीत, कारण त्यांची खेळणी कधी नव्हतीच. ते मिल्न यांनी मनानं घातले. पण गाढवाची मान खाली पडलेली दिसेल. आत भरलेला कापूस दबला, मान ताठ राहीना, आणि गोष्टीतलं ते सदा उदास, कुरकुरं गाढव त्या पडलेल्या मानेतून आलं. त्याहून मोलाची गोष्ट कांगारूपाशी आहे. त्याच्या पोटाची पिशवी रिकामी आहे. पिल्लू १९३०च्या दशकात हरवलं ते हरवलंच. ज्याला फोटो बघता येतो तो त्या रिकाम्या पिशवीपाशी थांबेल.

फोटोवरून गोष्ट करण्याचं सगळं कसब या दोन नजरांमध्ये आहे. खेळणी कोणती आहेत हे तर कुणालाही दिसतं. ती कशी झिजली आहेत, कुठे मोडली आहेत आणि त्यांच्यातून काय गायब आहे, हे बघणाऱ्याला गोष्ट सापडते.

हल्ली अशा फोटोंची ये-जा बरीच असते. नातवंडं दुबईत नाहीतर न्यू जर्सीत, आजी साताऱ्यात. आई फोटो टाकते आणि म्हणते, आज याच्यावर सांगा. आजीनं ती खेळणी कधी हातात घेतलेली नसतात. मग बहुतेक वेळा जे होतं ते असं: एक होता हत्ती, त्याला भेटली गाडी, मग भेटला डायनोसॉर, मग भेटली बाहुली, सगळे मित्र झाले, सगळे झोपले. ही गोष्ट नव्हे, हजेरी आहे. मूल पहिल्या दिवशी ऐकून घेतं, कारण त्याची खेळणी आहेत. दुसऱ्या दिवशी मागत नाही.

एक फोटो घेऊनच बघू. जमिनीवर चौकड्यांची सोलापुरी चादर, वरून मोबाइल धरून काढलेला फोटो. मधोमध राखाडी कापडी हत्ती. त्याचा एक कान लाल दोऱ्यानं परत शिवलेला, सोंडेचं टोक काळपट. डावीकडे सात-आठ छोट्या गाड्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एक पिवळा जेसीबी. त्याचं पुढचं बकेट निघून गेलंय, नुसती दोन भोकं दिसताहेत. भातुकलीतला स्टीलचा कुकर, झाकण नाही. एक हिरवा प्लॅस्टिकचा डायनोसॉर, तोंड आ वासलेलं. लाखेच्या लाल-हिरव्या पट्ट्यांचा लाकडी भोवरा, दोरी नाही. मोठाले रंगीत ठोकळे. आणि उजव्या कोपऱ्यात, चौकटीत अर्धंच आलेलं, डब्याचं एक मोठं स्टीलचं झाकण.

पहिला मोह होतो तो मुलाविषयी अंदाज बांधण्याचा. गाड्या आहेत म्हणजे मुलगा, भातुकली आहे म्हणजे मुलगी. इथे दोन्ही आहेत, आणि नसती तरी त्यावरून काही ठरत नाही. वयाचा अंदाज मात्र थोडासा बांधता येतो. ठोकळे मोठे असले तर ते लहानांसाठी बनवलेले असतात. लेगो कंपनीनं १९६९ साली डुप्लो काढले ते नेहमीच्या विटेपेक्षा लांबी, रुंदी, उंची सगळ्यातच दुप्पट, म्हणजे मूठभर हाताला धरता येतील आणि तोंडात टाकले तरी गिळता येणार नाहीत असे. तेव्हा मोठे ठोकळे म्हणजे लहान मूल. पण भोवऱ्याला खाली लोखंडी आर असते. ती वस्तू दोन-तीन वर्षांच्या पोराच्या हातात कुणी शहाणा माणूस देत नाही. मग घरात दोन मुलं आहेत का? की भोवरा आजोबांचा? की ठोकळे जुने, वाढत्या वयात मागे राहिलेले? फोटो सांगत नाही. अशा वेळी निकाल लावायचा नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला समजेल अशी वाक्यं ठेवायची. मोठ्यालाही ती चालतात.

लाडकं कोण, याचा पुरावा त्यामानानं बरा आहे. जे खेळणं फाटल्यावर शिवलं गेलं ते कुणालातरी टाकवलं नाही. काळपट सोंड म्हणजे रोज हातात, बहुधा तोंडातही. तेव्हा हत्ती नायक. तरी दोन शंका बाजूला ठेवायच्या. एक म्हणजे, हत्ती मोठ्या भावंडाकडून आलेला असू शकतो, झीज त्याच्या हातची असू शकते. दुसरी जास्त महत्त्वाची. सगळ्यात लाडकं खेळणं फोटोत नसण्याचीच शक्यता मोठी असते, कारण फोटो काढला जात असताना ते मुलाच्या काखोटीला असतं.

गाड्यांची रांग मुलानं लावली की आईनं फोटोसाठी, हे कळत नाही, म्हणून तिच्यावर गोष्ट उभी करायची नाही. आणि ते कोपऱ्यातलं झाकण? ते खेळणं नाही. चुकून फोटोत आलं असेल. पण मुलांच्या राज्यात स्वयंपाकघरातून पळवून आणलेली एक वस्तू असतेच, आणि तिचा मान दुकानातल्या खेळण्याहून मोठा असतो. चौकटीच्या कडेला जे अर्धवट दिसतं ते मोठं करून बघायला कधी चुकू नये.

नाव ठेवायचं नाही, हा यातला कडक नियम. मुलानं हत्तीचं नाव आधीच ठेवलेलं असणार. तुम्ही ‘गज्जू’ म्हणालात आणि तो ‘डुग्गू’ असला, की पोर उठून बसतं, ‘याचं नाव ते नाहीच्चे!’ आणि झोप गेली. जे दिसतं त्यावरून बोलवायचं: लाल टाक्याचा हत्ती. म्हणजे दोन्ही साधतं. मुलाला कळतं की सांगणाऱ्यानं आपला हत्ती नीट बघितलाय, आणि नावाची जागा त्याच्यासाठी मोकळी राहते.

आता खेळण्यांमधून गोष्ट काढायची कशी? इटलीचे बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक युक्ती दिली आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्या आणि त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडून बघा. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. कुत्र्याचं कपाट, कपाटातला कुत्रा, कपाटावर कुत्रा. प्रत्येक जोडीतून निराळी गोष्ट निघते. मराठीत तर विभक्तीचे प्रत्यय हेच काम करतात, प्रत्यय बदलला की प्रसंग बदलतो. हत्ती आणि गाडी ही जोडी फार जवळची, हत्ती गाडीत बसला की संपलं. हत्ती आणि कुकर घ्या. कुकरात हत्ती? मावत नाही. कुकरवर हत्ती? चेंगरेल. हत्तीचा कुकर? बरं. कुकरला हत्तीचं... काय? कुकरला झाकण नाही. हत्तीला कान आहे, मोठा, सपाट, गोलसर, आणि तोच लाल दोऱ्यानं शिवलेला.

इथे गोष्ट सुटली. एकाची उणीव दुसऱ्याच्या दुरुस्त झालेल्या जागेनं भरून निघते. आता फक्त चिऊ-काऊच्या गोष्टीतली जुनी रीत घ्यायची, तेच तेच विचारणं आणि थोडं थोडं बदलणारं उत्तर. काम तिघांनीच करायचं: हत्ती, कुकर, जेसीबी. बाकीच्यांनी एकेक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं.

मोह होतो खरी वाफ आणण्याचा, कान गरम झाला म्हणण्याचा. तो टाळावा. चार वर्षांचं मूल गोष्टीतलं दुसऱ्या दिवशी करून बघतं, आणि खऱ्या कुकरपाशी कापडी हत्ती घेऊन गेलेलं कुणाला नको आहे. भातुकलीतला स्वयंपाक खोटा खोटा असतो, तोच ठेवावा. तर गोष्ट अशी:

‘संध्याकाळ झाली. कुकरनं खिचडी करायला घेतली. खोटी खोटी खिचडी. तांदूळ घातले खोटे खोटे, डाळ घातली खोटी खोटी, पाणी घातलं खोटं खोटं. आणि मग कुकर रडकुंडीला आला. “माझं झाकण कुठंय? झाकण नाही तर शिट्टी नाही. शिट्टी नाही तर खिचडी नाही.”

लाल टाक्याचा हत्ती म्हणाला, “थांब, मी विचारून येतो.”

हत्ती गेला गाड्यांकडे. “गाड्यांनो, झाकण आहे का?” “हत्तीदादा, आमच्याकडे चाकं आहेत. झाकण नाही.”

हत्ती गेला भोवऱ्याकडे. “भोवऱ्या, झाकण आहे का?” “हत्तीदादा, माझ्याकडे गिरक्या आहेत. झाकण नाही.”

हत्ती गेला डायनोसॉरकडे. “डायनोसॉर, झाकण आहे का?” “हत्तीदादा, माझ्याकडे दात आहेत. झाकण नाही.”

मग आणखी एकजण भेटला. तो कोण? त्याच्याकडे काय आहे? आणि झाकण? नाही.

हत्ती गेला जेसीबीकडे. जेसीबी म्हणाला, “माझं स्वतःचं बकेटच नाही, झाकण कुठून देऊ? पण त्या कोपऱ्यात काहीतरी चमकतंय बघ.” दोघं गेले. हत्तीनं ओढलं, जेसीबीनं ढकललं. हे एवढं मोठं झाकण! ठेवलं कुकरवर, तर कुकर आख्खा आत गडप. आतून आवाज आला, “अहो, रात्र झाली का?” सगळे हसले. झाकण काढलं. जेसीबी म्हणाला, “हे मला राहू दे.” त्यानं ते पुढे टेकवलं, आणि त्याला बकेट मिळालं.

पण कुकरचं काय? हत्तीनं विचार केला. मग तो कुकरजवळ बसला, मान वाकवली, आणि आपला कान कुकरवर ठेवला. लाल टाक्याचा कान. अगदी बरोब्बर बसला.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शिट्टी झाली: शूऽऽऽऽ! मग दुसरी, थोडी हळू: शूऽऽ. मग तिसरी, इतकी हळू की फक्त हत्तीला ऐकू आली: शू.

जेसीबीनं आपल्या नव्या बकेटमधून सगळ्यांना खिचडी वाढली. सगळ्यांची पोटं भरली. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. भोवरा कुशीवर झाला. कुकर रिकामा झाला आणि हलका हलका झाला. डायनोसॉरला तोंड मिटता येत नाही, तो तसाच आ करून झोपला. आणि हत्तीच्या कानाला अजून खिचडीचा वास येतोय. येतो का बघ.’

एवढीच. सावकाश सांगितली तर पाचेक मिनिटं पुरते. आता ती अशीच का, ते बघू.

‘आणखी एकजण भेटला’ ही ओळ काखोटीतल्या अज्ञात खेळण्यासाठी आहे. तिथे सांगणाऱ्यानं थांबायचं आणि मुलाला भरू द्यायचं. ससा असेल, पाण्याची बाटली असेल, काल तुटलेला रिमोट असेल. त्याच्याकडे काय आहे हेही मुलानंच सांगायचं. फोटोत जे नव्हतं ते गोष्टीत शिरण्याचा हा एकच दरवाजा आहे, पण पुरतो. ही जागा मधेच हवी, शेवटी नको. शेवटी प्रश्न विचारला की मूल ताजंतवानं होऊन दहा उत्तरं देतं, आणि आई दारातून खुणा करत राहते.

तीन शिट्ट्या उतरत्या आवाजात आहेत, कारण झोपेच्या गोष्टीचा चढ मधे असावा लागतो आणि मग नुसता उतार. मोठं झाकण कुकरवर पडून सगळे हसतात, तिथे हसण्याचा सगळा साठा संपवायचा. त्यानंतर कुणी पडत नाही, पळत नाही, ओरडत नाही. पुष्कळ गोष्टी इथेच फसतात: हत्ती झोपायला जातो आणि तेवढ्यात आकाशातून तारा पडतो. तारा सुंदर असेल, पण मूल आता खिडकीकडे जायचं म्हणतंय.

डायनोसॉरला मुद्दाम साधा माणूस केलाय. त्याचे दात बघून त्याला खलनायक करावंसं वाटणारच. गोष्टीला जोर येतो. पण दिवे गेल्यावर तो डायनोसॉर त्याच खोलीत, पलंगापासून दोन हातांवर उभा असणार आहे. मुलाच्या स्वतःच्या खेळण्यांमधला कुणीही दुष्ट असू नये. भीती हवीच असेल तर ती वस्तूच्या उणिवेची हवी: झाकण सापडेल का, एवढीच. आणि सगळ्यांना शेवटी आपापल्या जागी, निपचित आणून ठेवायचं. काही मुलांना रात्री खेळणी चालतात-बोलतात हे आवडतं, काहींना त्याच कल्पनेनं घाम फुटतो. मुलाची ओळख नसताना कोणत्या जातीचं मूल आहे हे कसं कळणार? म्हणून गोष्ट संध्याकाळी घडते आणि रात्र होण्याआधी सगळे थांबतात.

सकाळी उठल्यावर खोटी ठरेल अशी एकही गोष्ट त्यात नाही, हेही बघण्यासारखं आहे. जेसीबीला नवं बकेट कायमचं चिकटलं असं म्हटलं असतं, तर सकाळी ती दोन भोकं बघून रडारड झाली असती. झाकण ‘टेकवलं’, एवढंच. डायनोसॉरचं तोंड मिटलं म्हटलं असतं तर मुलानं लगेच बोट दाखवलं असतं. आणि खिचडीचा वास? कापडी हत्तीच्या कानाला आपल्या घराचा वास येतोच. मुलानं नाक लावलं की काही ना काही येणार, आणि वास घ्यायला डोळे मिटावे लागतात.

पलीकडे गोष्ट वाचून दाखवणाऱ्यासाठी दोन सूचना लिहून पाठवाव्यात. हत्ती आधीच गादीत हवा, शोधायला उठायला नको. आणि मोबाइलवर वाचायची असेल तर फोटो परत उघडू नये. पडदा उजळला की मूल फोटोतली खेळणी मोजायला लागतं, ‘ठोकळ्यांचं काय झालं?’ म्हणतं, आणि त्याचं बरोबरच असतं, कारण या गोष्टीत ठोकळे घेतलेलेच नाहीत. सगळं घ्यायचं नसतं. विचारलंच तर ठोकळे उद्याच्या गोष्टीत आहेत.

उद्याची गोष्ट बहुतेक लागणार नाही, आजचीच लागेल, शब्दाला शब्द. म्हणून जे पाठवलं ते जपून ठेवावं. ‘माझ्याकडे गिरक्या आहेत’च्या जागी दुसऱ्या रात्री ‘माझ्याकडे चक्कर आहे’ म्हटलं की अंथरुणातून दुरुस्ती येते. मुलानं केलेली दुरुस्ती मात्र गोष्टीत कायमची घ्यायची. तो म्हणाला की हा हत्ती नाही, मॅमथ आहे, तर आजपासून लाल टाक्याचा मॅमथ.

पहिली रात्र झाल्यावर फोटो पाठवणाऱ्याला ‘गोष्ट आवडली का’ असं विचारू नये. त्याला सगळे हो म्हणतात. मधल्या मोकळ्या जागेत मुलानं कुणाला बसवलं, ते विचारावं. उत्तर ‘कुणीच नाही, झोपली होती’ असं आलं तर गोष्ट लांब झालीय, डायनोसॉरपाशी कापावी. उत्तर भोवऱ्याची दोरी असं आलं, तर पुढची गोष्ट तिथून सुरू करावी.